रेशनसाठी अंगठा आणि प्रायव्हसीचा हक्क: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

या विषयावर वाद सुरू झाला की दोनच बाजू ऐकू येतात, एक म्हणते "लपवण्यासारखं काही नसेल तर भीती कसली" आणि दुसरी म्हणते "सरकार सगळ्यांवर पाळत ठेवतंय", आणि कोर्टाने नक्की काय म्हटलंय ते वाचायला दोन्हीकडच्यांना वेळ नसतो. म्हणून इथे एकच उदाहरण धरलंय, आधार आणि रेशन. कल्याणकारी योजनेसाठी बोटांचे ठसे घ्यायचा प्रश्न आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला तो मुख्यतः याच वाटेने, आणि त्याचे बरेवाईट परिणाम दिसले तेही याच दुकानांत.

एका वाक्यात सांगा, सरकार बायोमेट्रिक घेऊ शकतं की नाही?

घेऊ शकतं. पण या एका "घेऊ शकतं" मध्ये तीन वेगळ्या गोष्टी कोंबलेल्या असतात आणि सगळा गोंधळ तिथेच होतो. पहिली, ठसे आणि डोळ्यांचं स्कॅन घेणं. दुसरी, ते एका मध्यवर्ती डेटाबेसमध्ये कायमचं साठवणं. तिसरी, दर महिन्याला ठसा जुळला तरच धान्य देणं आणि नाही जुळला तर माणसाला परत पाठवणं. पहिल्या दोन गोष्टींना आपल्या कोर्टाने अटी घालून परवानगी दिली आहे. तिसरीतला जो शेवटचा भाग आहे, ठसा जुळला नाही म्हणून परत पाठवणं, त्याला परवानगी दिलेलीच नाही, आणि दुकानांत नेमकं तेच होत राहिलं. माझ्या मते खरा वाद तिथे आहे, ठसे घेण्यावर नाही.

प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे हे कधी ठरलं? राज्यघटनेत तर तो शब्द नाही.

शब्द नाही, बरोबर. कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी यांनी 2012 मध्ये आधारविरुद्ध याचिका केली, तेव्हा आधारला संसदेचा कायदाही नव्हता, 2009 च्या एका सरकारी अधिसूचनेवर सगळा कारभार चालू होता आणि 2010 मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावात पहिले क्रमांक वाटूनही झाले होते. 2015 मध्ये केंद्र सरकारतर्फे तेव्हाचे अ‍ॅटर्नी जनरल मुकुल रोहतगी यांनी कोर्टात मुद्दा काढला की प्रायव्हसी हा मूलभूत हक्क आहे की नाही हेच मुळात पक्कं नाही, कारण 1954 चा एम. पी. शर्मा खटला आठ न्यायाधीशांचा आणि 1962 चा खडक सिंग खटला सहा जणांचा, आणि दोन्हीत असा हक्क मानलेला नाही. तांत्रिकदृष्ट्या मुद्दा वजनदार होता, कारण पुढच्या ज्या निकालांत हा हक्क मानला गेला ते सगळे छोट्या पीठांचे होते.

मग प्रकरण नऊ न्यायाधीशांकडे गेलं आणि 24 ऑगस्ट 2017 ला नऊच्या नऊ जणांनी एकमताने सांगितलं की प्रायव्हसी मूलभूत हक्क आहे, कलम 21 मधल्या जीवित आणि व्यक्तिस्वातंत्र्याचाच तो भाग आहे. गंमत म्हणजे सरकारच्या त्या हरकतीमुळेच हा हक्क आता असा पक्का झालाय की त्याला हात लावायचा तर याहून मोठं पीठ बसवावं लागेल.

मूलभूत हक्क आहे तर मग सरकार घेतं कसं काय?

कारण कुठलाच मूलभूत हक्क अमर्याद नसतो. त्याच 2017 च्या निकालात सांगितलंय की सरकारला प्रायव्हसीत शिरायचं असेल तर आधी त्यासाठी कायदा हवा, मग उद्देश रास्त हवा, आणि मग जे करतोय ते त्या उद्देशाच्या प्रमाणात हवं. न्यायमूर्ती कौल यांनी वर गैरवापर होऊ नये म्हणून प्रक्रियेतल्या संरक्षणाची अटही सांगितली.

यातलं "रास्त उद्देश" हे सरकारला सोपं जातं. कल्याणकारी योजनांचा पैसा भलतीकडे गळू नये, खऱ्या लाभार्थ्यापर्यंत पोचावा, हे उद्दिष्ट रास्त धरता येतं असं न्यायमूर्ती चंद्रचूड यांनी त्या निकालातच लिहून ठेवलंय. अवघड असते ती प्रमाणाची कसोटी. तिच्यात विचारायचं असतं की या उपायाने ते उद्दिष्ट साधतं का, यापेक्षा कमी घुसखोरीचा उपाय होता का, आणि माणसाचं जे नुकसान होतं ते मिळणाऱ्या फायद्याच्या मानाने जास्त तर नाही ना. पुढचं सगळं भांडण याच प्रश्नांवर झालं.

मग 2018 मध्ये आधारवर काय निकाल लागला?

26 सप्टेंबर 2018, पाच न्यायाधीश, चार विरुद्ध एक. बहुमताचा निकाल न्यायमूर्ती सिक्री यांनी लिहिला. निकाल 1448 पानांचा आहे त्यामुळे पूर्ण वाचलाय असं सांगणाऱ्याकडे जरा संशयानेच बघा.

बहुमताचं म्हणणं असं की आधार कायदा 2016 चं कलम 7, म्हणजे भारताच्या संचित निधीतून खर्च होणाऱ्या अनुदान-लाभांसाठी आधार मागायची मुभा, हे घटनेत बसतं. कारण घेतली जाणारी माहिती कमीत कमी आहे, दहा बोटं, दोन डोळे, एक फोटो आणि नाव-पत्ता वगैरे. आणि दुसऱ्या पारड्यातही एक मूलभूत हक्कच आहे, गरिबाचा अन्नाचा आणि सन्मानाने जगण्याचा हक्क. दोन हक्क समोरासमोर आले तर तोल साधावा लागतो आणि तो तोल इथे साधलाय असं त्यांनी ठरवलं.

पण कात्रीही बरीच चालवली. खासगी कंपन्यांना आधार वापरू देणारा कलम 57 मधला भाग उडवला. बँक खातं आणि सिमकार्ड आधारला जोडायची सक्ती रद्द केली (पॅनकार्डाची ठेवली). अंगठा लावल्याच्या नोंदी पाच वर्षं जपायचा नियम होता, तो सहा महिन्यांवर आणला. राष्ट्रीय सुरक्षेच्या नावाखाली सहसचिव दर्जाच्या अधिकाऱ्याच्या आदेशावर माहिती देता येईल असं कलम होतं, तेही गेलं. हे सगळं एकत्र वाचलं की कोर्टाची भूमिका कळते, योजनेच्या लाभासाठी चालेल, बाकी सगळीकडे घुसायचं नाही.

पण चोरी थांबते ना? तेवढ्यासाठी थोडी प्रायव्हसी गेली तर काय बिघडलं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि याचं उत्तर नीट द्यायला पाहिजे, कारण उपायाने उद्दिष्ट साधतं का ही कसोटी इथेच लागते.

रेशनमधली गळती तीन प्रकारची असते. एक, ओळखीची चोरी, म्हणजे एकाच माणसाची दोन कार्डं, मेलेल्याच्या नावावर उचल, नसलेल्या माणसाचं कार्ड. दोन, पात्रतेची चोरी, म्हणजे माणूस खरा, कार्ड खरं, पण तो गरीबच नाही. तीन, मापाची चोरी, म्हणजे माणूस खरा, पात्रही आहे, पण धान्य कमी दिलं. ठशाचं मशीन फक्त पहिल्या प्रकारावर चालतं. समोरचा माणूस कोण हे त्याला कळतं, त्याची कमाई किती आणि त्याच्या पिशवीत किती किलो पडले हे कळत नाही.

आता हिशोब करून बघू. राष्ट्रीय अन्न सुरक्षा कायद्याखाली प्राधान्य कुटुंबाला माणशी महिन्याला 5 किलो. पाच माणसांचं घर, म्हणजे 25 किलो. बाई दुकानात गेली, अंगठा लावला, मशीनवर हिरवं आलं, पावती निघाली 25 किलोची. दुकानदाराने मोजून दिले 22. "वरून मालच कमी आला" हे ठरलेलं उत्तर. तीन किलो गेले, आणि सरकारच्या सर्व्हरवर काय नोंद झाली तर अमुक तारखेला, अमुक वाजता, खऱ्या लाभार्थीने स्वतःच्या अंगठ्याने पूर्ण 25 किलो उचलले. दुकानाला अशी 300 घरं असली तर महिन्याला 900 किलो बाजारात, आणि कागद आधीपेक्षा जास्त स्वच्छ. आधी निदान बाईला म्हणता यायचं की रजिस्टरवरची सही माझी नाही. मापातलं पाप अंगठ्याने धुवून निघालं.

झारखंडमध्ये कार्तिक मुरलीधरन, पॉल नीहाउस आणि संदीप सुखटणकर या अर्थशास्त्रज्ञांनी याचा रीतसर प्रयोग करून अभ्यास केला. नुसतं अंगठ्याचं मशीन बसवल्याने गळती म्हणावी तशी कमी झाली नाही, उलट ज्यांचं आधार रेशनकार्डाला जोडलेलं नव्हतं त्यांच्या पदरात पडणारा लाभ साधारण दहा टक्क्यांनी घटला. पुढे सरकारने मशीनमधल्या नोंदी धरून दुकानदारांचा शिल्लक साठा हिशोबात घ्यायला सुरुवात केली तेव्हा गळती घटली खरी, पण त्याबरोबर लोकांना मिळणारं धान्यही घटलं.

म्हणजे ओळखीची चोरी नाहीच असं नाही. खोटी कार्डं होती, डबल कार्डं होती. पण कोर्टाच्या कसोटीवर बघायचं तर सरकारने आधी दाखवायला हवं होतं की एकूण गळतीत ओळखीच्या चोरीचा वाटा किती, आणि मग त्या वाट्यासाठी हा उपाय. तसं मोजमाप पुढे न ठेवता सगळी बचत आधारच्या खात्यावर मांडली गेली. बहुमताने यावर सरकारचं म्हणणं फार सहज मान्य केलं असं मला वाटतं.

कमी घुसखोरीचे दुसरे उपाय होते का?

होते की. दुकानं खासगी माणसाकडून काढून सहकारी संस्था, बचत गट, ग्रामपंचायत यांच्याकडे देणं, ट्रक गोदामातून निघाला की लोकांना एसएमएस जाणं, कोणाला किती माल आला ते सगळ्यांना दिसेल असं ऑनलाइन टाकणं, छत्तीसगड आणि तमिळनाडूने यातलं बरंच काही आधारच्या आधीच करून दाखवलं होतं. हे उपाय मापाच्या चोरीवर चालतात आणि कोणाचं बोट लागत नाही. फोटो असलेलं स्मार्टकार्डही होतं, ज्यात माहिती कार्डातच राहते. प्रमाणाच्या कसोटीत "दुसरा उपाय होता का" हे विचारणं म्हणजे नुसती औपचारिकता नसते.

अंगठा लागलाच नाही तर काय होतं?

आधी अंगठा लागणं म्हणजे काय ते बघा. ई-पॉस मशीन चालू पाहिजे, चार्ज पाहिजे, नेटवर्क पाहिजे, रेशनकार्डावरच्या त्या माणसाच्या नावाला बरोबर आधार क्रमांक जोडलेला पाहिजे, मग ठसा लॉक होऊन मध्यवर्ती सर्व्हरकडे जातो, तिथे त्या एका क्रमांकाच्या ठशाशी जुळवला जातो आणि फक्त "हो" किंवा "नाही" परत येतं. साखळीतली एक कडी तुटली की उत्तर एकच, नाही. दुकानासमोर उभ्या असलेल्या माणसाला कळत नाही की बोट झिजलंय, की रेंज गेलीय, की तालुक्याला कोणी आकडा चुकीचा टाकलाय. त्याला एवढंच सांगतात, "थंब येत नाहीये, उद्या या."

आणि हे फेल होणं किती? 2016-17 च्या आर्थिक पाहणी अहवालात, म्हणजे सरकारच्याच कागदात, अंदाज दिलेत: झारखंड 49 टक्के, राजस्थान 37, गुजरात 6, आंध्रचा कृष्णा जिल्हा 5. पुढे यात सुधारणा झाली, मशीनं सुधारली, हे मान्य. पण कमी आकडासुद्धा फसवा असतो. धरा की 100 पैकी 98 वेळा जुळतं, ऐकायला मस्त वाटतं. पण रेशन दर महिन्याला असतं, आणि फेल होणं निव्वळ नशिबाचा भाग असेल तर वर्षभरात 100 पैकी 21-22 घरांवर निदान एकदा तरी ही वेळ येते. प्रत्यक्षात ते नशिबाचं नसतंच, फेल होणारी माणसं ठरलेली असतात, म्हातारी, विटा-दगड उचलणारी, सतत पाण्यात हात असणारी, कुष्ठरोगाने बोटं गेलेली. त्यांच्यासाठी सरासरीचा काही उपयोग नाही, कारण त्यांचा अंगठा या महिन्यात लागला नाही तर पुढच्या महिन्यातही लागणार नाही, आणि रेशनची सगळ्यात जास्त गरज असते ती त्यांनाच.

सप्टेंबर 2017 मध्ये झारखंडच्या सिमडेगा जिल्ह्यात 11 वर्षांची मुलगी गेली. घरचं रेशनकार्ड आधारला जोडलेलं नव्हतं म्हणून रद्द झालेलं होतं आणि महिनोन्महिने धान्य नव्हतं असं घरच्यांचं म्हणणं, मलेरियाने गेली असं सरकारचं म्हणणं. मृत्यूच्या कारणावर वाद आहे. त्यानंतर ऑक्टोबर 2017 मध्ये केंद्राने राज्यांना लेखी कळवलं की आधार जोडलं नाही म्हणून कोणाचं कार्ड काढू नका आणि अंगठा लागला नाही तर दुसऱ्या मार्गाने धान्य द्या.

मग कोर्टाने याकडे दुर्लक्ष केलं का?

नाही, आणि हे फार लोकांना माहीतच नाही. 2018 च्या सुनावणीत अ‍ॅटर्नी जनरल (तेव्हा के. के. वेणुगोपाल) यांनी कोर्टाला सांगितलं की प्रमाणीकरण, म्हणजे ठशाची जुळवणी, फेल झालं म्हणून कोणाही पात्र माणसाला लाभ नाकारला जाणार नाही. बहुमताने ते निकालात नोंदवलं आणि नियमांमध्ये पर्यायी ओळखीची सोय करा असं सांगितलं. कलम 7 ची भाषाही वाचण्यासारखी आहे. प्रमाणीकरण "किंवा" आधार असल्याचा पुरावा "किंवा", आधार नसेल तर, नोंदणीसाठी केलेला अर्ज, असं ते आहे, आणि आधार मिळेपर्यंत दुसऱ्या ओळखपत्रावर लाभ द्यायचा आहे. मशीनच्या स्क्रीनवर मात्र "किंवा" नसतो.

माझा आक्षेप असा की कोर्टाने कलम 7 ला पास केलं ते या आश्वासनाच्या जोरावर, मग आश्वासन पाळलं जातंय की नाही हे तपासायची काही व्यवस्थाही सांगायला हवी होती. किती जण परत गेले, किती जणांना पर्यायी मार्गाने मिळालं, हे दर महिन्याला दुकानवार जाहीर करा एवढं जरी म्हटलं असतं तरी फरक पडला असता. ठसा न जुळताही कोणाला धान्य दिलं ते नोंदवायची अपवादाची वही दुकानदाराकडे, ती उघडायची की नाही ते ठरवणारही तोच, म्हणजे उंदराला मांजर साक्ष. दुसरीकडे ही वही मोकाट सोडली तर तिच्यातून चोरी होऊ शकते हेही खरं आहे, म्हणून अधिकारी दुकानदारांना "अपवाद जास्त का" म्हणून झापतात आणि दुकानदार अपवाद करायचंच टाळतो. हा पेच खरा आहे.

ठसे लीक झाले तर? ते तर बदलताही येत नाहीत.

पासवर्ड बदलता येतो, बोट बदलता येत नाही, म्हणूनच बायोमेट्रिकसाठी कसोटी कडक हवी. कायद्याच्या कलम 29 प्रमाणे मूळ ठसे कोणालाच, कुठल्याही कारणाने द्यायचे नाहीत. जुळवणीच्या वेळी कुठल्या कामासाठी अंगठा लावला हे आधार चालवणाऱ्या प्राधिकरणाने नोंदवायचं नाही अशीही तरतूद आहे.

पण मला विचाराल तर मोठा धोका त्या मध्यवर्ती तिजोरीत नाही. तो खालच्या यादीत आहे. रेशनची यादी, पेन्शनची यादी, रोजगार हमीची यादी, शिष्यवृत्तीची यादी, प्रत्येक खात्याची वेगळी, आणि प्रत्येकीत तोच बारा आकडी क्रमांक. आधी या याद्या जोडायच्या तर नावांची स्पेलिंग, पत्ते, वडिलांची नावं जुळवत बसायला लागायचं, आता एका क्रमांकावर सगळ्या एका क्षणात जुळतात आणि माणसाचं आजारपण, जात, कमाई, मजुरीचे दिवस सगळं एका ओळीत येतं. यासाठी कोणाचा ठसा चोरायचीही गरज नाही. आणि या याद्या किती जपल्या जातात ते 2017 मध्ये माहिती अधिकारात कळलं, सुमारे 210 सरकारी वेबसाइटवर लाभार्थ्यांची नावं आधार क्रमांकासकट उघडी पडलेली होती.

फॉर्मवर सही केली म्हणजे संमती दिली ना?

धान्य पाहिजे तर अंगठा लाव, या परिस्थितीत दिलेल्या "हो" ला संमती म्हणायचं का हे तुम्हीच ठरवा. कायद्यात प्रमाणीकरणाआधी संमती घ्या असं लिहिलंय, पण नाही म्हणणाऱ्याला धान्य मिळायचा दुसरा मार्ग नसेल तर तो रकाना भरण्यापुरताच. त्यामुळे सरकारने संमतीच्या आधारावर बोलूच नये, प्रमाणाच्या कसोटीवर बोलावं, कारण तिथे सिद्ध करायचं ओझं सरकारवर येतं.

2023 च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने तर हे सरळच करून टाकलंय, अनुदान-लाभ देण्यासाठी ठरावीक परिस्थितीत सरकारला माहिती वापरायला नव्याने संमती लागत नाही. त्याने प्रश्न मिटत नाही, कारण कायदा आहे ही पहिली पायरी झाली, बाकीच्या पायऱ्या तशाच उभ्या आहेत.

गरिबाला पोट महत्त्वाचं, प्रायव्हसी हे श्रीमंतांचं खूळ आहे, नाही का?

हा युक्तिवाद 2017 मध्ये कोर्टात झाला आणि नऊ न्यायाधीशांच्या पीठासमोर टिकला नाही. कोर्टाने म्हटलं की गरिबांना फक्त आर्थिक प्रगती हवी आणि नागरी हक्कांशी त्यांना देणंघेणं नाही, हे मानता येणार नाही. व्यवहारात बघा, श्रीमंताला ठसा न देता जगता येतं, सरकारी धान्यावर जगणाऱ्याला येत नाही, म्हणजे या हक्काची ज्याला सगळ्यात कमी पर्याय आहेत त्यालाच जास्त गरज.

2018 च्या निकालात न्यायमूर्ती चंद्रचूड यांचं विरोधी मत काय होतं?

त्यांच्या मते अख्खा कायदाच घटनाबाह्य. एक कारण म्हणजे तो धन विधेयक म्हणून आणला गेला, त्यामुळे राज्यसभेला तो अडवता किंवा बदलता आला नाही, आणि हा प्रकार त्यांनी घटनेची फसवणूक ठरवला. दुसरं म्हणजे कमी घुसखोरीचे उपाय अपुरे होते हे सरकारने सिद्ध केलं नाही. तिसरं, तंत्रज्ञानातल्या शक्यतेच्या खेळावर माणसाचे मूलभूत हक्क टांगून ठेवता येत नाहीत. फेरविचार याचिका जानेवारी 2021 मध्ये पुन्हा चार-एक अशीच फेटाळली गेली आणि तो एक पुन्हा चंद्रचूडच होते. धन विधेयकाचा मुद्दा मात्र 2019 मध्ये दुसऱ्या एका खटल्यातून मोठ्या पीठाकडे पाठवला गेलाय.

बाकीच्या देशांतल्या कोर्टांनी काय केलं?

दोन निकाल बघण्यासारखे आहेत, दोन्ही राष्ट्रीय ओळखपत्राचे आहेत, थेट योजनांचे नाहीत. जमैकाच्या सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2019 मध्ये तिथला सक्तीच्या ओळख नोंदणीचा कायदा सगळाच रद्द केला आणि त्यासाठी आपल्याकडच्या विरोधी मताचा मोठा आधार घेतला. इथे अल्पमतात गेलेलं तिथे कामाला आलं. मॉरिशसच्या सर्वोच्च न्यायालयाने 2015 मध्ये वेगळी वाट काढली, कार्डासाठी ठसे घेणं चालेल, पण ते साठवून ठेवणं घटनेत बसत नाही. ठसा कार्डात राहू दे, सरकारकडे नको. घेणं आणि साठवणं असे दोन प्रश्न वेगळे केले की असं उत्तर निघू शकतं, आपल्याकडे ते दोन्ही एकत्रच तोलले गेले.

शाळा, लहान मुलं, निवृत्तांची पेन्शन?

पटकन सांगतो. शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं नाही. आधार नाही म्हणून मुलाचा लाभ थांबवता येत नाही, आणि 18 पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांत आधार रद्द करून घ्यायची सोय 2019 च्या दुरुस्तीने केली आहे. सरकारी नोकराची निवृत्ती पेन्शन हा कमावलेला हक्क आहे, तो कलम 7 मधला "लाभ" नाही असं बहुमताने म्हटलंय. निराधार किंवा वृद्धांसाठीची सरकारी मदत मात्र त्यात येते.

अंगठा लागत नाही म्हणून परत पाठवलं तर नक्की करायचं काय?

आधी दुसरी बोटं लावून बघा, दहाही बोटं नोंदलेली असतात, अंगठाच पाहिजे असं काही नाही. दुकानात डोळ्यांचं मशीन असेल तर ते, मोबाइल जोडलेला असेल तर ओटीपी. तेही जमलं नाही तर अपवाद म्हणून नोंद करून धान्य द्या असं स्पष्ट मागा. घरातल्या दुसऱ्या सदस्याचा अंगठा चालतो, पण एकटं राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसाकडे तो पर्याय नसतो, अशांनी तालुक्याच्या पुरवठा शाखेत अर्ज देऊन आपल्या वतीने धान्य उचलणारा माणूस नेमायची सोय विचारावी.

"उद्या या" म्हणाले तर तारीख, वेळ आणि मशीनवर आलेला मेसेज लिहून घ्या, फोटो काढता आला तर उत्तम, कारण नंतर दुकानदार म्हणतो हे आलेच नव्हते. पावती निघाली असेल तर त्यावरचे किलो आणि पिशवीतले किलो तिथेच ताडून बघा. तक्रार लेखी, जिल्हा तक्रार निवारण अधिकाऱ्याकडे, तिथे दाद लागली नाही तर राज्य अन्न आयोगाकडे. हक्काचं धान्य दिलं नाही तर अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 8 खाली अन्न सुरक्षा भत्ता मिळायची तरतूद आहे, तो शब्द अर्जात घाला. आणि आधारच्या माहितीचा गैरवापर झाला असेल तर पूर्वी फक्त प्राधिकरणच कोर्टात जाऊ शकायचं, आता 2019 पासून कलम 47 खाली काही गुन्ह्यांसाठी ज्याचा आधार आहे तो माणूस स्वतः जाऊ शकतो.